पाहिजेच, पाहिजे आणि असलं तर बरं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीकडच्या बाजूला, पाऊस सुरू झाला की तीन-चार महिने थांबत नाही. आमची मराठी माध्यमाची हायस्कूल त्याच पट्ट्यात आहे. जुनी इमारत कौलारू, पाच वर्गखोल्यांची. मी तिथे मुख्याध्यापिका आहे. मंजूर जागांवरच्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. छप्पर, पाणी, वीज, संडास आणि रिकाम्या जागांवर नेमलेल्या तात्पुरत्या शिक्षकांचं मानधन मात्र संस्थेलाच भागवावं लागतं. त्यासाठी दरवर्षी फेब्रुवारीत मी मागणीपत्र करते आणि मार्चच्या पहिल्या रविवारी संस्थेची कार्यकारिणी त्यावर बसते.

मला सांगायची आहे ती यंदाची बैठक, पण त्याआधी गेल्या वर्षी काय झालं ते सांगायला हवं. त्याशिवाय यंदा मी एवढा खटाटोप का केला हे कळणार नाही.

गेल्या वर्षी मी एक सरळ यादी दिली होती. बाबी आणि त्यांच्यासमोर रकमा, एवढंच. पैसे कमी पडत होते. कार्यकारिणीतली माणसं भली, कुणाला दुखवायचं नाही अशी. त्यांनी प्रत्येक रकमेतून चौथाई कापली. सगळ्यांना सारखा न्याय. बैठक वीस मिनिटांत संपली आणि त्या दिवशी मलाही बरं वाटलं.

बोअरसाठी मी दीड एचपीचा पंप मागितला होता. पाऊण रकमेत एक एचपीचा बसला. पावसाळ्यात आणि थंडीत तो चालला. एप्रिलमध्ये बोअरमधलं पाणी खाली गेलं तसं टाकीपर्यंत पाणी चढेना. दोन आठवडे मुलींनी घागरींनी पाणी वाहिलं. शेवटी चालू खर्चातून ओढाताण करून दीड एचपीचाच पंप घ्यावा लागला. छपराचंही तसंच झालं. शाकारणीला जे मागितलं त्यातलं पाऊण मिळालं, म्हणून गवंड्याने कौलं बदलली आणि रीपा जुन्याच ठेवल्या. जुलैत भिजून जड झालेल्या नव्या कौलांचं ओझं कुजक्या रीपांना पेललं नाही. नववीच्या वर्गात पाखीचा एक कोपरा खाली आला. सुदैवाने ती मधल्या सुट्टीची वेळ होती.

त्या संध्याकाळी बाकांवरचे कौलांचे तुकडे गोळा करताना मनात आलं की यात कार्यकारिणीची चूक नाही. कुठे कापलं तर चालेल आणि कुठे कापलं तर माणूस मरेल, हे माझ्या यादीने त्यांना सांगितलंच नव्हतं. यादीत ग्रंथालयाचं कपाट आणि छपराची रीप एकाच उंचीवर उभी होती.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे ह्याला मॉस्को म्हणतात." रशियाशी त्याचा संबंध नाही, ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत: हे हवंच, हे हवं, हे जमलं तर, आणि हे यंदा नाही. १९९४ साली ऑरॅकल कंपनीतल्या डाय क्लेग यांनी ही पद्धत बसवली. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी पक्की धरून ठेवली. 'हवंच' या गटात एकूण कामाच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. सगळंच 'हवंच' झालं तर गट पाडून उपयोग काय?

आमच्या बोलीत मी तीन गट केले: पाहिजेच, पाहिजे, असलं तर बरं. चौथा केला नाही. जे यंदा नको होतं ते मागितलंच नाही.

जानेवारीत स्टाफ मीटिंग घेतली. प्रत्येकाने आपली मागणी आणि तिचा गट कागदावर लिहून द्यायचा. एकोणीस मागण्या आल्या, त्यातल्या सोळांवर 'पाहिजेच' लिहिलेलं. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याला जे रोज कमी पडतं ते त्याला पाहिजेच वाटणार. मग कागद परत दिले आणि सांगितलं, गट खोडा, त्याऐवजी एक वाक्य लिहा. ही गोष्ट मिळाली नाही तर कोणत्या महिन्यात, कोणाला, काय होईल? आणि त्याखाली दुसरं वाक्य, वर्षभर भागवायला दुसरी काही सोय आहे का?

या दोन वाक्यांनी पुष्कळ काम केलं. खेळाच्या सरांनी व्हॉलीबॉलच्या खांबांना 'पाहिजेच' दिलं होतं. वाक्य लिहायला बसले आणि थोड्या वेळाने स्वतःच येऊन म्हणाले, "बाई, हे खाली घ्या. बांबू पुरून एक वर्ष चालतंय." बऱ्याच छोट्या मागण्या चालू खर्चात भागल्या. मोठ्या सात बाबी उरल्या, त्यांची बेरीज बारा लाख पन्नास हजार.

आता गट लावायला बसले आणि अडले ते छपराशी. छपराचा अंदाज चार लाख वीस हजारांचा. ते 'पाहिजेच'मध्ये टाकलं तर गट फुगतो, 'पाहिजे'मध्ये टाकलं तर कोपरा पुन्हा खाली येतो. दोन दिवस त्या एका ओळीकडे बघत राहिले. शेवटी सुताराला बोलावलं आणि शिडी लावून त्याच्यासोबत एकेक खोली बघितली. तो पटाशीचं टोक वाशात खुपसायचा. नववी आणि आठवीच्या खोल्यांत टोक लोण्यात जावं तसं आत गेलं, वाळवीने वासा आतून पोकळ केला होता. बाकीच्या तीन खोल्यांचे वासे टणक होते. तिथे रीपा जुन्या झाल्या होत्या, पण आणखी एक-दोन पावसाळे काढतील असं तो म्हणाला.

म्हणजे छप्पर ही एक बाब नव्हतीच. तिच्यात तीन बाबी होत्या. दोन खोल्यांचे वासे-रीपा आणि पाचही खोल्यांची शाकारणी, दोन लाख दहा हजार, पाहिजेच. उरलेल्या तीन खोल्यांच्या रीपा, एक लाख तीस हजार, पाहिजे. व्हरांड्यावर पत्र्याची शेड, ऐंशी हजार, असलं तर बरं. पूर्वी हे तिन्ही 'छप्पर दुरुस्ती' या एका नावाखाली जायचं, आणि त्यातून लाख कापला की तो कुठून कमी झाला हे गवंडी ठरवायचा. आता कापायचं झालं तर सांधा कुठे आहे ते कागदावरच दिसत होतं. जी गोष्ट फोडता येते ती आपणच सांध्यावर फोडून द्यायची, आणि जी फुटत नाही, उदाहरणार्थ पंप, तिच्यासमोर 'पूर्ण किंवा काहीच नाही' असं स्पष्ट लिहायचं, हा धडा मी त्या शिडीवर घेतला.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं तसंच केलं. दारं आणि पाण्याची लाईन सत्तर हजार, पाहिजेच. नवीन दोन युनिट एक लाख दहा हजार, पाहिजे.

वायरिंगमध्ये मात्र माझी चूक झाली होती. जुन्या इमारतीचं सगळं वायरिंग बदलायला एक लाख पंधरा हजार लागत होते आणि मी ती सगळी रक्कम 'पाहिजे'मध्ये ठेवली होती. दिवे लागतायत, पंखे फिरतायत, वर्षभर चालेल, असा माझा हिशेब. मागणीपत्र टाईप होत होतं तेव्हा आमचे शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.

"बाई, सगळं लिवलासा, पण त्या पंपाच्या डब्याचं लिवलासा काय? पावसात हात लावला की झिणझिण्या मारतंय बघा."

"कधीपासून, मामा?"

"दोन पावसाळे झाले. मी लाकडाच्या काठीनं बटन दाबतोय."

मी खानापूरहून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने होल्डरमधला शंभरचा बल्ब घेतला आणि एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला धरली. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब जवळजवळ पूर्ण उजेडात लागतो, तो म्हणाला. आमचा बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला आणि तसाच राहिला. मग त्याने मागे जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. मीठ-कोळशाचा थर कधीच वाहून गेला होता आणि लोखंडी पाईप हाताने वाकवला तर तुटला. मीटरजवळ गळती पकडणारा स्विचही नव्हता. तो तीस मिलिअँपिअरचा बसवला तर माणसाच्या अंगातून करंट जाताच क्षणात लाईन तोडतो. मामांच्या काठीला जे दोन वर्षं ठाऊक होतं ते माझ्या कागदाला ठाऊक नव्हतं.

ओळ पुन्हा फोडली. नवीन अर्थिंग, मेन स्विच आणि गळतीचा स्विच मिळून पंचावन्न हजार, पाहिजेच. बाकीचं वायरिंग साठ हजार, पाहिजे. आणि 'असलं तर बरं'मध्ये असलेल्या सहा कॉम्प्युटरांच्या ओळीसमोर लिहिलं: वायरिंगचे साठ हजार मंजूर झाल्याशिवाय ही ओळ घेऊ नये, जुन्या वायरीवर हा भार झेपणार नाही. एकावर दुसरं टेकलेलं असतं ते लिहून ठेवलं नाही, तर वरचं कापून खालचं मंजूर होऊ शकतं.

तात्पुरत्या दोन शिक्षकांचं मानधन, दरमहा बारा हजारांप्रमाणे दहा महिन्यांचं दोन लाख चाळीस हजार, मी 'पाहिजेच'मध्ये ठेवलं. एक कन्नडच्या, एक विज्ञानाचे. कर्नाटकात राहून आमच्या मुलांना कन्नड शिकायचंच आहे, आणि दहावीच्या पेपरला बसणाऱ्या मुलाला वर्षभर शिक्षक नाही ही गोष्ट पुढच्या वर्षी भरून निघत नाही.

'पाहिजेच' झालं पाच लाख पंच्याहत्तर हजार, म्हणजे एकूण मागणीच्या शेहेचाळीस टक्के. 'पाहिजे' तीन लाख चाळीस हजार. 'असलं तर बरं' तीन लाख पस्तीस हजार. आमचा क्लार्क म्हणाला, "बाई, वीस टक्के वाढवून लिहूया की. कापणारच आहेत." मी नाही म्हटलं. एकदा फुगवलं की पुढे खरी रक्कमही फुगवलेलीच समजली जाते. शिवाय यंदा प्रत्येक ओळीमागे कोटेशन जोडलेलं होतं. आणखी एक मोह होता, मी तो बोलून दाखवत नाही पण मागणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो: सगळ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट मुद्दाम सर्वांत खाली ठेवायची, म्हणजे ती कापायला कुणाचा हात होत नाही आणि पैसे वाढवून मिळतात. असं एकदा चालेल. दुसऱ्या वेळी तुमच्या गटांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटी प्रत्येक गटाच्या आतही क्रम लावला आणि उजवीकडे चढत्या बेरजेचा रकाना ठेवला. पहिल्या ओळीपासून त्या ओळीपर्यंत एकूण किती, हे प्रत्येक ठिकाणी दिसावं. जितके पैसे असतील तिथे आडवी रेघ मारायची, बस्स. 'पाहिजे'मधला क्रम असा: आधी स्वच्छतागृहाची दोन युनिट, मग वायरिंग, मग तीन खोल्यांच्या रीपा, शेवटी ग्रंथालयाची कपाटं आणि पुस्तकं. साडेसात लाख मिळतील असा खजिनदारकाकांचा अंदाज होता. म्हणजे रेघ वायरिंगच्या खाली बसत होती.

रविवारी दहा वाजता सगळे जमले. अध्यक्ष अण्णा, खजिनदारकाका, बेळगावच्या मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब आणि आणखी चौघं. चहा येण्याआधीच काकांनी सांगितलं, मुंबईच्या गावकरी मंडळाची रक्कम अजून आलेली नाही. हातात सहा लाख वीस हजार आहेत.

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नेहमीचा आवाज आला, "प्रत्येकातनं थोडं थोडं कमी करूया की."

सुभेदारसाहेबांनी कागद पुढे ओढला. "थोडं थोडं म्हणजे वासा अर्धा बदलायचा काय? बाईंनी लिहिलंय ते वाचा एकेक." आणि त्यांनी 'पाहिजेच'मधल्या ओळी मोठ्याने वाचल्या, प्रत्येकासमोरच्या वाक्यासह. जूनमध्ये नववीच्या खोलीचा वासा मुलांवर येऊ शकतो. पावसात पंपाच्या डब्यावर शिपायाला शॉक बसतो. दारं नाहीत म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. या ओळीशी आल्यावर अण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं, बाई." मी खाली बघितलं. खरंच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी 'दारे, ३ नग' एवढंच लिहिलं होतं.

मानधनावर थोडी चर्चा झाली. विज्ञानाचे तास गणिताचे सर घेऊ शकणार नाहीत काय, असं एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण दुसरी सोय आहे का हे मीच शिक्षकांना विचारलं होतं. मी वेळापत्रक दाखवलं. सरांचे आठवड्याचे तास आधीच भरलेले होते. ओळ तशीच राहिली.

काकांनी तांबड्या पेन्सिलीने पाच लाख पंच्याहत्तर हजारांखाली रेघ मारली. पंचेचाळीस हजार उरले. पुढची ओळ स्वच्छतागृहाच्या युनिटांची, एक लाख दहा हजार. बसत नाही. त्यापुढची वायरिंगची, साठ हजार. तीही बसत नाही. आणि अगदी तळाशी, शेवटच्या ओळीत, साउंड सिस्टीम: पंचेचाळीस हजार. रुपयाला रुपया.

ती अण्णांची मागणी होती. स्नेहसंमेलनाला भाड्याचा माईक दरवर्षी मध्येच बंद पडतो आणि मुलांची नाटकं कुणाला ऐकू येत नाहीत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. "बसतंय की हे," ते म्हणाले. दोघांनी माना हलवल्या. गावातली देणगी संमेलनाच्याच दिवशी जमते, हेही खरं होतं.

मला उठून बोलावं लागलं, आणि हात थरथरत होते. मी म्हटलं, "अण्णा, रकमेत बसतंय म्हणून खालची ओळ वर घेतली, तर वरच्या ओळी कधीच होणार नाहीत. मोठ्या कामांना नेहमी थोडे पैसे कमीच पडणार, आणि छोटी कामं नेहमी बसणार. साउंडला दुसरी सोय आहे, भाड्याचा सेट. मुलींच्या संडासाला दुसरी सोय नाही."

अण्णांनी ती ओळ पुन्हा वाचली. तिच्यासमोर मी लिहिलं होतं, 'वर्षातून दोन कार्यक्रम, भाडं प्रत्येकी तीन हजार, काम भागतं.' ते बराच वेळ तिथेच बघत होते. मग म्हणाले, "मग ह्या पंचेचाळीसचं काय करायचं? बँकेत झोपवून ठेवायचं?"

उत्तर सुभेदारसाहेबांनी दिलं, आणि ते मला सुचलं नव्हतं. पंचेचाळीस हजार स्वच्छतागृहाच्या नावाने बाजूला ठेवायचे. मुंबईहून पासष्ट हजार आले की, नवीन बैठक न घेता, काम सुरू. १५ मेपर्यंत आले नाहीत तर पाऊस लागायच्या आत खड्डा आणि बांधकाम होणार नाही, मग त्या रकमेतून ग्रंथालयाच्या चाळीस हजारांची ओळ घ्यायची. तारीख ठरावात लिहिली. ठराव अण्णांनीच मांडला.

निघताना मी त्यांना म्हटलं की साउंडची ओळ पुढच्या वर्षी मीच लिहीन. ते हसले नाहीत, फक्त म्हणाले, "कोटेशन ताजं घ्या."

शाकारणी मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. जुने वासे आवारात टाकले होते, त्यातला एक मामांनी दोन्ही हातांनी दाबला तर त्याची माती झाली. नवा अर्थिंगचा खड्डा भरला त्या दिवशी इलेक्ट्रिशियनने पुन्हा तोच बल्ब धरला. लख्ख लागला. मामांनी बोटाने डबा चाचपला आणि काठी कोपऱ्यात उभी केली.

११ मेला दुपारी खजिनदारकाकांचा फोन आला. "बाई, मुंबईचे सत्तर हजार जमा झालेत. पुढची ओळ कुठली म्हणालात?"

"स्वच्छतागृहाची दोन युनिट, काका."

"मग गवंड्याला उद्याच बोलवा. आभाळ भरून यायलंय."